निपाणीच्या मेडिकल दुकानासाठी: साधं बिलिंग की औषधांचं खास सॉफ्टवेअर?

निपाणीत नवं मेडिकल टाकलेल्या भाच्याचा प्रश्न होता: मित्राच्या किराणा दुकानातलं बिलिंग सॉफ्टवेअर स्वस्तात मिळतंय, चालेल का? बॅच आणि एक्स्पायरीचे रकाने त्यातही आहेत.

रकाने असतात, पण विक्रीच्या वेळी काय होतं ते बघ. पंधरा गोळ्यांच्या पट्टीची जुनी बॅच डिसेंबरात संपते, नंतर आलेली सप्टेंबरात. साधी प्रणाली बहुतेकदा आधी खरेदी केलेली बॅच पुढे करते, म्हणजे सप्टेंबरचा माल कपाटातच राहतो. खास सॉफ्टवेअर आधी संपणारी बॅच सुचवतं. शिवाय चार गोळ्या सुट्या दिल्या की शिल्लक 'अकरा गोळ्या' दाखवतं. साध्यात मात्र प्रत्येक औषधाचं पट्टी-गोळी एकक आपणच मांडायचं.

एक्स्पायरीची सूचना दोन्हीकडे मिळेल. फरक परतीत पडतो. माल कोणत्या घाऊक व्यापाऱ्याच्या कोणत्या बिलावर आला हे बॅचवरून कळायला हवं. आपल्याकडे ते जास्तच महत्त्वाचं: निपाणी कर्नाटकात, म्हणून महाराष्ट्रातल्या कोल्हापूरहून आलेल्या मालावर आयजीएसटी, आपल्याच राज्यातल्या बेळगावच्या मालावर सीजीएसटी-एसजीएसटी. परतीची नोंदही त्याच कराने व्हायला हवी.

खर्चात साधं जिंकतं, शिकायलाही सोपं. खास सॉफ्टवेअरला वार्षिक शुल्क किती, हे आधी विचार.

कॉस्मेटिक, बेबी फूडच जास्त विकत असशील तर साधं पुरे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर धंदा असेल तर खासच घे, आणि डेमोत वरच्या दोन बॅच घालून बघ.