SUM ठेवू की SUBTOTAL? आणि SUBTOTAL मध्ये 9 की 109?

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्याची उधारीची एक्सेल शीट मी सांभाळतो. शेठ फोन करून विचारतात, "कांद्याचं किती येणं आहे?" मी फिल्टर लावतो आणि वरचा आकडा वाचून दाखवतो. सुरुवातीला एकदा असाच आकडा सांगितला, तर शेठ म्हणाले, "अरे, एवढा कांदा आपण विकला तरी कधी?" मी सांगितली होती ती सगळ्या मालाची बेरीज. समोर फक्त कांद्याच्या ओळी होत्या, पण सूत्र SUM चं होतं, आणि SUM ला फिल्टर कळत नाही.

समजायला सोपं जावं म्हणून शीट छोटी करून सांगतो. सहा बिलं चौथ्या ते नवव्या ओळीत आहेत आणि रक्कम D कॉलममध्ये. कांद्याची तीन बिलं १२,०००, १५,००० आणि १०,००० रुपयांची, बटाट्याची दोन ९,००० आणि ६,००० ची, लसणाचं एक ८,००० चं. सगळी मिळून ६०,०००.

```
=SUM(D4:D9)
=SUBTOTAL(9,D4:D9)
=SUBTOTAL(109,D4:D9)
```

फिल्टरमध्ये कांदा निवडला की पहिलं सूत्र ६०,००० वरच राहतं. बाकी दोन्ही ३७,००० दाखवतात. म्हणजे काम फक्त फिल्टरचं असेल, तर 9 आणि 109 मध्ये काहीच फरक नाही. SUMIFS वापरत असाल तर तेही SUM च्याच जातीचं आहे. तुम्ही दिलेली अट पाळेल, पण फिल्टरकडे बघणार नाही.

फरक पडतो ओळ हाताने लपवल्यावर. समजा, लसणाच्या बिलाचा वाद चालू आहे आणि प्रिंटमध्ये ते नको आहे. फिल्टर काढला, त्या ओळीवर राइट क्लिक करून Hide केलं. आता 9 वालं सूत्र ६०,००० म्हणतं आणि 109 वालं ५२,०००. 9 च्या हिशेबात हाताने लपवलेली ओळ चालूच असते, 109 च्या हिशेबात ती नसतेच.

मग 9 ठेवलाच कशाला? पार्टीवार गट करून डावीकडच्या वजाच्या खुणेने ते मिटवून बघा. मिटलेल्या ओळी एक्सेलच्या लेखी हाताने लपवलेल्याच असतात. तिथे 109 असेल तर गट मिटवला की त्याची बेरीज थेट शून्यावर येते. पसारा आवरायला गट मिटवायचा आणि रक्कमच गायब, हे कोणालाच नको असतं. म्हणून Data मेनूतलं Subtotal स्वतःहून 9 टाकतं. उलट, टेबल केलेल्या यादीच्या Total Row मध्ये 109 येतो. दुसऱ्याची फाइल हातात आली की आधी सूत्रातला हा आकडा बघायची सवय मी लावून घेतली आहे.

गटवार बेरजा करणाऱ्यांसाठी SUBTOTAL ची आणखी एक सोय आहे. रेंजमध्ये आधीच असलेले SUBTOTAL ते मोजत नाही. प्रत्येक पार्टीखाली तिची बेरीज SUBTOTAL ने केली आणि सगळ्यांची एकत्र बेरीजही SUBTOTAL नेच केली, तर रक्कम बरोबर येते. तिथे SUM लावलात तर सगळं दुप्पट.

मर्यादा एकच सांगतो. हे सूत्र उभ्या यादीसाठी आहे. ओळीत आडवी बेरीज करून मधला कॉलम लपवलात, तर 109 सुद्धा हलत नाही.

आता निवड. मी SUM काढून टाकलेलं नाही. सर्वात वरच्या ओळीत दोन खाने आहेत: "एकूण येणं" ला SUM आणि "दिसतंय तेवढं" ला SUBTOTAL 9. बेरजा वर ठेवल्या आहेत आणि यादीच्या शीर्षकाआधी एक ओळ रिकामी आहे, म्हणजे फिल्टर लावताना त्या यादीत ओढल्या जात नाहीत. 109 मी फक्त प्रिंटसाठी केलेल्या वेगळ्या प्रतीत वापरतो. रोजच्या शीटमध्ये त्याची मला भीती वाटते. कोणीतरी महिन्यापूर्वी लपवलेली एक ओळ बेरजेतून गुपचूप वजा होत राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

फिल्टर विसरून राहिला, तर 9 सुद्धा कमीच आकडा दाखवणार. पण तो ओळखता येतो. फिल्टर चालू असताना डावीकडचे ओळींचे क्रमांक निळे होतात. हाताने लपवलेल्या ओळीला असा रंग नसतो. सातनंतर थेट नऊ आला, एवढीच खूण. दोन खान्यांतले आकडे वेगळे दिसले की मी आधी क्रमांकांवर नजर फिरवतो, आणि मगच शेठना फोन लावतो.