मातीचे बूट की हार्ड कोर्टचे? कोकणात टेनिस खेळणाऱ्यांसाठी

दुकानात आधी बूट उलटा करा. मातीच्या कोर्टाच्या बुटाचा तळ टाचेपासून चवड्यापर्यंत एकसारखा नागमोडी असतो, बांगडा खाऊन झाल्यावर ताटात उरणाऱ्या काट्यासारखा. त्याचं नावच हेरिंगबोन. चर खोल आणि मोकळे असतात, म्हणून अडकलेली माती रॅकेटने टपली मारली की झडते. जिभेच्या कडाही बहुधा शिवलेल्या असतात, आत खडे जाऊ नयेत म्हणून. हार्ड कोर्टच्या बुटालाही नागमोडी असते, पण चर उथळ असतात आणि चवड्याखाली, जिथे पाय गर्रकन वळतो, तिथे बऱ्याचदा सपाट जागा असते. रबर जास्त जाड आणि कडक.

आमच्याकडे पाऊस लागला की मातीचं कोर्ट चार महिने बंद. एका जूनमध्ये मी मातीचेच बूट घालून हार्ड कोर्टवर गेलो. या कोर्टाच्या रंगात वाळू मिसळलेली असते, म्हणजे पॉलिश पेपरवरच खेळायचं. मी उजव्या हाताने खेळतो, सर्व्ह करताना उजव्या पायाचा अंगठा घासत जातो. गणपती येईपर्यंत तिथली नागमोडी पुसून गेली होती. डावा बूट मात्र शाबूत. त्याआधीच गुडघा आतल्या बाजूने दुखायला लागला होता. मऊ रबर आणि ते सगळे काटे मिळून पाय जमिनीला धरून ठेवत, शरीर वळे आणि वळण्याचा पीळ गुडघ्यात उतरे.

मातीवर पाय घसरत थांबतो, वेग फूट-दोन फुटांत हळूहळू ओसरतो. हार्ड कोर्टवर तो जागच्या जागी थांबतो आणि सगळा झटका गुडघा, घोट्यावर येतो. म्हणूनच त्या बुटांना गादी जास्त असते. उलट चूकही महागात पडते. उथळ चरांचा बूट मातीवर नेला तर चर लगेच बुजतात, तळ गुळगुळीत होतो. पाय नको तिथे घसरतो आणि ठोकलेल्या पट्टीच्या रेषेवर अचानक अडकला की घोटा बाहेरच्या बाजूला मुरगळतो. रनिंगचे उंच टाचेचे बूट तर दोन्हीकडे नकोत.

आठवड्यातून तीन दिवस मातीवर खेळत असाल तर दोन जोड घ्या, खर्च वसूल होतो. एकच परवडत असेल तर हार्ड कोर्टचाच, पण पूर्ण नागमोडी तळाचा घ्या. तो मातीवर चालून जातो, मातीचा हार्ड कोर्टवर टिकत नाही. काही कंपन्या काही मॉडेलांच्या तळाला सहा महिन्यांची हमी देतात, ती विचारून घ्या आणि पावती जपून ठेवा.

आणि पावसात भिजलेले बूट चुलीजवळ नको, सावलीत वर्तमानपत्र कोंबून वाळवा. माझ्या एका जोडाचा तळ झिजण्याआधीच गोंद सुटून लोंबायला लागला होता.