जीएसटीआर-1 आणि 3बी मधली तफावत: सगळं भरावं, सगळं नाकारावं की फोड करून उत्तर द्यावं?

विभागाची एएसएमटी-10 नोटीस आली की तीत बहुतेक वेळा एकच आकडा असतो: जीएसटीआर-1 मध्ये दाखवलेला कर वजा 3बी मध्ये भरलेला कर. हा फरक कुठल्या बिलांमुळे पडला ते नोटीस सांगत नाही, कारण संगणकाने दोन बेरजांची वजाबाकी केलेली असते. ती फोड आपल्यालाच करावी लागते, आणि उत्तर कोणत्या प्रकारचं द्यायचं हे त्या फोडीवरच ठरतं.

आधी आपल्याला नेमकं काय आलंय ते पाहा. एएसएमटी-10 म्हणजे कलम 61 खालची विवरणपत्रांची छाननी. तिचं उत्तर एएसएमटी-11 मध्ये, 30 दिवसांत. डीआरसी-01बी ही वेगळी गोष्ट. ती त्या-त्या महिन्याच्या फरकावर पोर्टलवरून आपोआप निघते, मुदत फक्त 7 दिवसांची असते, आणि उत्तर दिलं नाही तर पुढचा जीएसटीआर-1 अडतो. इथे विचार एएसएमटी-10 चा आहे. ती सहसा वर्ष-दोन वर्षं उलटल्यावर येते, म्हणजे जीएसटीआर-1 दुरुस्त करायची मुदत संपलेली असते.

उदाहरण घेऊ. सांगलीतला विजेच्या सामानाचा एक व्यापारी, सगळी विक्री राज्यातच, कर 18 टक्के, विवरणपत्रं दरमहा. 2023-24 साठी 24 फेब्रुवारी 2026 ला नोटीस आली. जीएसटीआर-1 प्रमाणे करपात्र विक्री 1,86,40,000 रुपये, 3बी प्रमाणे 1,78,40,000. फरक आठ लाख, त्यावरचा कर 1,44,000 (केंद्राचे 72,000 आणि राज्याचे 72,000).

बिलनिहाय तपासल्यावर या आठ लाखांचे तीन तुकडे निघाले. नोव्हेंबर 2023 मध्ये ग्राहकांनी 3,50,000 चा माल परत केला. त्याच्या क्रेडिट नोटा 3बी मध्ये वजा केल्या, पण जीएसटीआर-1 च्या तक्ता 9बी मध्ये चढवल्याच नाहीत. दुसरं, 2,50,000 चं एक बिल डिसेंबरमध्ये दोनदा चढलं: एकदा SE/218 म्हणून, एकदा SE-218 म्हणून. तिरकी रेघ आणि आडवी रेघ पोर्टलला वेगळी वाटते, त्यामुळे त्याने दोन्ही स्वीकारली. तिसरं, ऑगस्ट 2023 ची 2,00,000 ची तीन बिलं जीएसटीआर-1 मध्ये आहेत, 3बी मध्ये मात्र ना त्या महिन्यात आली, ना नंतर कधी. म्हणजे खरा थकलेला कर फक्त 36,000.

आता तीन मार्ग शेजारी-शेजारी ठेवू. व्याज 18 टक्के दराने, 20 मार्च 2026 ला पैसे भरले असं धरून.

| | सगळं मान्य | सगळं अमान्य | फोड करून उत्तर |
|---|---|---|---|
| कर | 1,44,000 | 0 | 36,000 |
| व्याज (अंदाजे) | 59,200 | 0 | 16,200 |
| कागदपत्रं | जवळजवळ नाहीत | भरपूर | भरपूर |
| पुढचा धोका | भरलेले पैसे परत मिळवणं कठीण | कलम 73 ची नोटीस | वादग्रस्त भागापुरता |

सगळं भरून टाकणं. लहान फरकासाठी हा मार्ग वाईट नाही. पाच-सात हजारांच्या फरकावर सल्लागाराची फी आणि खेटे घालण्यापेक्षा डीआरसी-03 या स्वतःहून कर भरायच्या फॉर्मने भरून मोकळं होणं परवडतं. पण आपल्या उदाहरणात हिशेब उलटा आहे. माल परत घेताना व्यापाऱ्याने ग्राहकाला 63,000 कर क्रेडिट नोटेतून परत दिलाच आहे, तोच कर आता सरकारला दिला तर तो दोनदा खिशातून जातो. शिवाय सगळं मान्य केलं म्हणजे विक्री 1.86 कोटी होती हे मान्य केलं. नफातोटा पत्रक आणि आयकर विवरणपत्र मात्र 1.80 कोटींचं असतं, आणि ती तफावत पुढे दुसरा विभाग विचारू शकतो.

सगळं नाकारणं. "आमचे हिशेब बरोबर आहेत, कृपया नोटीस मागे घ्यावी" अशी दोन ओळींची उत्तरं खूप जातात. ती टिकत नाहीत, कारण 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या कलम 75(12) च्या स्पष्टीकरणाप्रमाणे जीएसटीआर-1 मध्ये दाखवलेला पण 3बी मध्ये न आलेला कर हा स्वतः ठरवलेला कर मानला जातो आणि त्याची थेट वसुली होऊ शकते. ऑगस्टची तीन बिलं खरोखर राहिलेली आहेत. ती नाकारली तर उरलेल्या दोन खऱ्या मुद्द्यांवरचा विश्वासही जातो.

फोड करून उत्तर. या प्रकरणात आमचं मत स्पष्टपणे याच बाजूला आहे. त्याचा कणा म्हणजे ताळमेळ पत्रक. वर्षाचा गोषवारा असा दिसतो:

| तपशील | करपात्र किंमत | कर |
|---|---|---|
| जीएसटीआर-1 प्रमाणे | 1,86,40,000 | 33,55,200 |
| वजा: न चढवलेल्या क्रेडिट नोटा | 3,50,000 | 63,000 |
| वजा: दोनदा चढलेलं बिल | 2,50,000 | 45,000 |
| खतावणीप्रमाणे निव्वळ विक्री | 1,80,40,000 | 32,47,200 |
| वजा: 3बी मध्ये भरलेला | 1,78,40,000 | 32,11,200 |
| खरोखर बाकी | 2,00,000 | 36,000 |

यातली चौथी ओळ सर्वात महत्त्वाची आहे. खतावणीतली विक्री मधोमध आली नाही तर पत्रक म्हणजे नुसती दोन विवरणपत्रांमधल्या फरकाची कारणमीमांसा राहते, पुरावा होत नाही. ही रक्कम नफातोटा पत्रकाशी रुपयाला रुपया जुळायला हवी. गोषवाऱ्यामागे बारा महिन्यांचं पान, आणि त्यामागे फक्त ज्या बिलांमुळे फरक पडला त्यांची यादी: बिल क्रमांक, तारीख, खरेदीदाराचा जीएसटीआयएन, किंमत, केंद्र आणि राज्य कर वेगळे, जीएसटीआर-1 मध्ये कोणत्या महिन्यात आणि 3बी मध्ये कोणत्या महिन्यात. वर्षभराची सगळी बिलं जोडण्यात अर्थ नाही, अधिकारी ती उघडतही नाही.

जरा अडखळायला होतं ते क्रेडिट नोटांपाशी. कलम 34(2) म्हणतं की क्रेडिट नोट विवरणपत्रात दाखवण्याची शेवटची मुदत पुढच्या वर्षीची 30 नोव्हेंबर, इथे 30 नोव्हेंबर 2024. अधिकारी म्हणेल की तुमची नोट जीएसटीआर-1 मध्ये नाहीच, मग वजावट कसली? यावर उत्तर कायद्यातच आहे. कलम 39 खालचं विवरणपत्र म्हणजे 3बी, आणि त्या फॉर्मच्या सूचनेतच लिहिलंय की करपात्र पुरवठ्याची किंमत म्हणजे बिलं अधिक डेबिट नोटा वजा क्रेडिट नोटा. नोव्हेंबर 2023 च्या 3बी मध्ये ती रक्कम वजा करून दाखवली, म्हणजे नोट मुदतीतच विवरणपत्रात आली. जीएसटीआर-1 मध्ये तपशील राहिला ही चूक आहे, पण त्यामुळे जास्तीचा कर देय होत नाही.

हा युक्तिवाद मात्र एका अटीवर चालतो. क्रेडिट नोट न चढवल्यामुळे खरेदीदाराच्या 2बी या क्रेडिटच्या विवरणात पूर्ण बिल दिसत राहिलं. त्याने पूर्ण क्रेडिट घेतलं असेल आणि उलटवलं नसेल तर सरकारचा कर खरंच बुडालाय, आणि मग कुठलाही अधिकारी ऐकणार नाही. म्हणून प्रत्येक खरेदीदाराकडून त्याच्या लेटरहेडवर पत्र घ्या: अमुक क्रेडिट नोट, अमुक मूळ बिल, एवढं क्रेडिट घेतलं नाही किंवा अमुक महिन्याच्या 3बी मध्ये उलटवलं. सोबत मूळ बिल, माल परत आल्याची वाहतुकीची पावती किंवा ई-वे बिल आणि त्याच्या खात्याचा उतारा. एखादा खरेदीदार पत्र देत नसेल तर त्याच्यापुरती रक्कम व्याजासह भरून उरलेल्यांवर ठाम राहणं शहाणपणाचं.

दोनदा चढलेल्या बिलाचं काम त्यामानाने सोपं आहे. डिसेंबरच्या जीएसटीआर-1 च्या तक्ता 13 मध्ये दिलेल्या बिलांची संख्या, ई-वे बिल एकच असणं, आणि खरेदीदाराचं एकाच खरेदीचं पत्र एवढ्याने भागतं.

तिसरा तुकडा उत्तराआधीच भरा. ऑगस्ट 2023 ची 3बी 20 सप्टेंबर 2023 पर्यंत द्यायची होती. तिथून 20 मार्च 2026 पर्यंत 912 दिवस होतात:

```
36000 × 18% × 912 / 365 = 16191
```

डीआरसी-03 मधून कर क्रेडिट खात्यातून भरता येतो, व्याज मात्र रोखीनेच. इथे व्याज पूर्ण 36,000 वर लागतं, कारण फक्त रोख भागावर व्याजाची सवलत ज्या महिन्याचा कर त्याच महिन्याच्या उशिरा भरलेल्या विवरणपत्रात दाखवला तरच मिळते. दंडाचा मुद्दाही आधीच उचला. कलम 73(11) चा आधार घेऊन अधिकारी दहा टक्के किंवा 10,000 यांतला जास्त दंड मागू शकतो, आणि तो केंद्र व राज्य कायद्याखाली वेगळा धरला तर 20,000 होतो. एएसएमटी-11 मध्ये एक परिच्छेद असा असावा:

"ऑगस्ट 2023 च्या तीन बिलांवरील 36,000 रुपये कर व 16,191 रुपये व्याज आम्ही कारणे दाखवा नोटीस निघण्यापूर्वी डीआरसी-03 ने भरले आहे (एआरएन सोबत). ही बिले जीएसटीआर-1 मध्ये वेळेवर दाखवलेली असल्याने माहिती दडवण्याचा हेतू नव्हता. उरलेला 1,08,000 रुपयांचा फरक परिशिष्ट अ व ब प्रमाणे देय नाही. हे मान्य नसल्यास आम्हाला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी."

पोर्टलवर नोटीस `Services > User Services > View Additional Notices/Orders` इथे असते, नेहमीच्या नोटिसांच्या पानावर ती दिसत नाही आणि त्यामुळेच पुष्कळांचे 30 दिवस निघून जातात. खरेदीदारांची पत्रं वेळेत आली नाहीत तर मुदत संपण्याआधी वाढ मागा, कलम 61 तशी मुभा देतं. अधिकाऱ्याला उत्तर पटलं तर एएसएमटी-12 निघतं आणि प्रकरण मिटतं. नाही पटलं तर 2023-24 साठी कलम 73 खाली डीआरसी-01 ही कारणे दाखवा नोटीस येईल आणि उत्तर डीआरसी-06 मध्ये द्यावं लागेल. त्या वेळी हेच पत्रक, हाच आकडा वापरा. एएसएमटी-11 मध्ये बाकी 36,000 आणि डीआरसी-06 मध्ये वेगळी दिसली, तर अधिकाऱ्याला आदेशात लिहायला तेवढंच पुरतं.