भांग दुसऱ्या बाजूला घ्यायचाय: अख्खा फोटो फ्लिप, नुसते केस फ्लिप, की परत शूट?

साखरपुड्याच्या सीझनला कोल्हापुरात प्रत्येक स्टुडिओत हे ऐकायला मिळतं, "दादा, फोटो मस्त आलाय, फक्त भांग दुसऱ्या बाजूला करून द्या." ऐकायला सोपं वाटतं, पण तीन रस्ते आहेत आणि तिन्हींत चेहऱ्यावरच्या उजेडाचं काय होतं ते वेगवेगळं आहे.

एक उदाहरण धरून बोलूया. नवरी पैठणीत, कॅमेऱ्याकडं सरळ बघतीये, सॉफ्टबॉक्स फोटोच्या डाव्या बाजूनं. भांगही फोटोच्या डावीकडं, म्हणजे केसांचा भार उजवीकडच्या सावलीत. तिला तो भार उजेडाकडं हवाय. डावं-उजवं सगळं फोटोत दिसतं तसं धरा.

अख्खा फोटो फ्लिप करणं सगळ्यात सोपं, आणि उजेडाच्या बाबतीत पूर्ण खरं, कारण लाईट, नाकाची सावली, डोळ्यातली चमक सगळं एकत्रच फिरतं. पण त्यामुळंच इथं उपयोग शून्य, भार उजेडाकडं येतच नाही, भांगाबरोबर लाईटही पलीकडं गेलेला असतो. वर नथ तिच्या स्वतःच्या उजव्या नाकपुडीत जाते, पदर तिच्या स्वतःच्या उजव्या खांद्यावर येतो, आणि आपल्याकडं हे घरातल्या बायका एका नजरेत पकडतात. अजून एक, नवरीला स्वतःला फ्लिप केलेला चेहरा ओळखीचा वाटतो कारण ती रोज आरशात तोच बघते, पण आईला "काहीतरी वेगळं दिसतंय" असं वाटतं, कारण कुणाचाच चेहरा दोन्हीकडं सारखा नसतो. अल्बममध्ये शेजारीच दुसरे फोटो असतील तर लाईटही एकदम उलट्या बाजूनं आलेला दिसणार. साधा शर्ट-टॉपमधला क्लोजअप असेल, गालावर तीळ नसेल, मागं बोर्ड नसेल आणि लाईट कुठल्याही बाजूनं चालणार असेल, तरच हा रस्ता घ्या.

नुसते केस फ्लिप करणं म्हणजे खरं काम. Photoshop च्या Select and Mask मध्ये केस नीट सिलेक्ट करून Ctrl+J नं वेगळ्या लेयरवर घ्यायचे, मग Edit > Transform > Flip Horizontal, आणि कपाळाच्या कडेला मास्क मऊ ब्रशनं जुळवायचा. खाली जुने केस डोकावतात तिथं बॅकग्राउंड आणि कपाळाची कातडी क्लोननं भरून घ्यायची. इथपर्यंत बरेचजण येतात आणि थांबतात, आणि फोटो विग घातल्यासारखा दिसतो. कारण केसांची चमक ही लाईट कुठनं येतो त्यावर ठरते, केसांबरोबर ती पण पलीकडं गेली, म्हणजे चेहरा डावीकडनं उजळ आणि केस उजवीकडनं. म्हणून केसांच्या लेयरला दोन Curves क्लिप करायचे, एक उजवी बाजू दाबायला, एक डावी उचलायला, दोन्हींच्या मास्कवर ग्रेडियंट. त्यावर ५०% ग्रे भरलेला Soft Light लेयर घेऊन बारीक ब्रशनं, फ्लो ५ ते १० टक्के, केस जिथं वळतात तिथं बटेच्या दिशेनं चमक काढायची आणि उजवीकडची जुनी चमक दाबायची. मोठ्या ब्रशनं एकसारखं उजळलं की केस प्लास्टिकचे वाटतात.

मग सावली. आता भार उजेडाच्या बाजूला आलाय म्हणजे ती बट लाईट अडवणार, कपाळावर तिची सावली पडायलाच पाहिजे. Multiply लेयरवर कातडीचाच गडद तपकिरी रंग घेऊन ती काढायची (काळा घेतला तर राख फासल्यासारखं होतं), बटेला लागून कड जरा स्पष्ट आणि लांब जाईल तशी पसरट. हे उदाहरण त्यातल्या त्यात सोपं आहे, कारण सावली टाकायची आहे. उलटं असतं, म्हणजे भार आधीच उजेडाकडं असता आणि तो सावलीकडं न्यायचा असता, तर कपाळावरची खरी सावली पुसावी लागली असती, आणि तिथं कातडीचा पोत, मेकअपचा रंग, बारीक केस सगळंच परत बांधावं लागतं. हे काम हातात घेण्याआधी नक्की बघा, माझ्या मते जास्त फसतं ते इथंच.

तपासायला डोळ्यातली चमक बघा, नाकाची सावली बघा, मग केसांवरची चमक, तिन्हींनी लाईट एकाच बाजूला दाखवला पाहिजे.

परत शूट, भावा, माणूस अजून स्टुडिओत असेल तर मी बिनधास्त हेच सांगेन. लाईट आणि ट्रायपॉड हलवायचा नाही, एक्स्पोजर आणि व्हाईट बॅलन्स मॅन्युअलवर तसाच, उभं राहायच्या जागी जमिनीवर टेप लावायची, आणि मुळं जरा ओली करून ड्रायरनं उलट्या दिशेनं वाळवायची, कारण नुसत्या कंगव्यानं पाडलेला भांग उलट बसत नाही, केस सवयीनं परत फिरतात. सावली, चमक सगळं आपोआप खरं येतं. खिडकीच्या उजेडात असाल तर मात्र पटकन उरका, ढग आला की दोन्ही फोटोंचा रंग जुळत नाही.

माणूस परत येणारच नसेल, चेहरा सरळ असेल आणि भार उजेडाकडं न्यायचा असेल, तर केस फ्लिप करायला हरकत नाही, निवांत वेळ ठेवून करा. चेहरा तिरका वळलेला असेल तर नाही म्हणून सांगा, कारण लांबची बाजू फोटोत अरुंद दिसते आणि ते केस जवळच्या बाजूला आणले की कपाळावरची केसांची रेषच बसत नाही, मग लाईट कितीही जुळवला तरी.