मधली एकच वाट की कडेलाही वाटा?

मंगल कार्यालयाचा हॉल ६० फूट रुंद, समोर स्टेज, जेवणाच्या हॉलचं दार स्टेजच्या उजवीकडे. ४०० खुर्च्या मांडायच्या आहेत.

पहिल्या नकाशात मधोमध ८ फुटांची वाट आणि खुर्च्या थेट भिंतीपर्यंत. दीड फुटाची खुर्ची धरली तर एका बाजूला १७ बसतात, म्हणजे १२ रांगांत ४०८. नवरीला मामा घेऊन येतो तेव्हा ही वाट सुंदर दिसते. पण अक्षता पडल्या की सगळे एकदम उठतात. भिंतीकडच्या आजींना सोळा जणांचे गुडघे ओलांडून बाहेर यावं लागतं, आणि त्याच वाटेत आहेर द्यायला स्टेजकडे निघालेली रांग उभी असते. जेवायला जाणारे तिच्यातच अडकतात.

दुसऱ्या नकाशात मधली वाट ६ फूट आणि दोन्ही भिंतींलगत पाच-पाच फूट. एका बाजूला १४ खुर्च्या उरतात, त्यामुळे १५ रांगा लागतात, ४२० जागा होतात. तीन रांगा वाढल्याने हॉलची लांबी मात्र ९ फूट जास्त लागते. आहेराची रांग डाव्या कडेने चढते, जेवणाची गर्दी उजव्या कडेने दाराकडे जाते. भेटून झालेले लोक स्टेजच्या उजव्या पायऱ्यांनी उतरून थेट जेवायलाच वळतात.

मी दुसराच नकाशा घेईन. फक्त बुफेचं पहिलं टेबल दारापासून १५ फूट आत हवं. ताटांची चळत दाराशीच ठेवली, तर रांग मागे सरकत उजवी वाट बंद करते.