तीन असमान खोल्या आणि एक भाडे: वाटणीच्या चार पद्धतींची तुलना

पुण्यात कोथरूडसारख्या भागात तिघे मिळून थ्री बीएचके घेतात, तेव्हा मालकाच्या लेखी भाडे एकच असते आणि ते कोणी किती भरायचे, हे तिघांनी आपसांत ठरवायचे असते. पुढील तुलनेसाठी हिशेबाला सोपे जाईल असे एक उदाहरण घेऊ. महिन्याचे भाडे ४२,००० रुपये आहे. मास्टर बेडरूम १२ बाय १४, म्हणजे १६८ चौरस फूट असून तिला ४० चौरस फुटांचे अटॅच्ड बाथरूम आहे. दुसरी खोली १३२ चौरस फूट असून तिच्यातूनच ४० चौरस फुटांच्या बाल्कनीत जाता येते. तिसरी खोली १० बाय १०, म्हणजे १०० चौरस फूट आहे. हॉल, स्वयंपाकघर, पॅसेज आणि कॉमन बाथरूम मिळून ३४० चौरस फूट सामाईक जागा आहे. राहणाऱ्यांपैकी एक जण घरून काम करतो, दुसरा शिफ्टमध्ये नोकरी करतो आणि तिसरा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो.

पहिली पद्धत समान वाटणीची, म्हणजे प्रत्येकी १४,००० रुपये. खोल्यांत दहा-पंधरा चौरस फुटांचाच फरक असेल आणि बाथरूमही सर्वांचे एकच असेल, तर याहून अधिक खटाटोप करू नये, असे मला वाटते. पण आपल्या उदाहरणात लहान खोलीतला विद्यार्थी मास्टर बेडरूमइतकेच पैसे भरतो आणि वर कॉमन बाथरूमसाठी रांगेतही उभा राहतो. अशा घरात खोल्या बहुधा चिठ्ठ्या टाकून दिल्या जातात. चिठ्ठीने खोली कोणाची ते ठरते, तिची किंमत मात्र ठरत नाही.

दुसरी पद्धत खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात संपूर्ण भाडे विभागण्याची. तिन्ही खोल्या मिळून ४०० चौरस फूट, म्हणजे दर १०५ रुपये. त्यानुसार मास्टर बेडरूमला १७,६४०, बाल्कनीच्या खोलीला १३,८६० आणि लहान खोलीला १०,५०० रुपये येतात. हा हिशेब नेटका दिसला, तरी त्यात मूलभूत चूक आहे. लहान खोलीत राहणारा हॉल आणि स्वयंपाकघर इतरांइतकेच वापरतो, तरीही सामाईक जागेचे भाडे तो कमी भरतो. शिवाय बाथरूम आणि बाल्कनी या हिशेबात कोठेच येत नाहीत.

तिसऱ्या पद्धतीत ही चूक दुरुस्त होते. सामाईक जागेचे भाडे डोई समान आणि खासगी जागेचे क्षेत्रफळानुसार, असे दोन भाग पाडायचे. यात बाथरूम खोलीच्या जागेत पूर्ण धरावे. बाल्कनी मात्र मी निम्मीच धरतो, कारण पावसाळ्यात तिचा फारसा उपयोग होत नाही आणि तिथे कोणी झोपतही नाही. म्हणजे एकूण ८०० चौरस फूट होतात आणि दर ५२.५० रुपये पडतो. सामाईक जागेचे प्रत्येकी ५,९५० रुपये धरून मास्टर बेडरूमला १६,८७०, बाल्कनीच्या खोलीला १३,९३० आणि लहान खोलीला ११,२०० रुपये येतात.

बाल्कनीबाबत एक गोष्ट आधी पाहून घ्यावी. घरात स्वयंपाकघरालगत ड्राय बाल्कनी असेल, तर बेडरूमची बाल्कनी खरोखरच खासगी राहते. ती नसेल आणि तिघांचेही कपडे त्याच खोलीतून जाऊन वाळत घालावे लागत असतील, तर ती बाल्कनी सामाईक धरावी लागते, आणि सतत ये-जा होणाऱ्या त्या खोलीचे भाडे थोडे कमीही करायला हवे. अटॅच्ड बाथरूमची किंमतही केवळ ४० चौरस फुटांत मावत नाही. सकाळी आठ वाजता रांग न लावता आंघोळ होणे, ही त्याची खरी किंमत आहे आणि ती माणसागणिक बदलते. दुसरीकडे, त्या बाथरूममुळे कॉमन बाथरूमवर तिघांऐवजी दोघांचाच भार राहतो, म्हणजे त्याचा काही लाभ इतरांनाही मिळतो. चौरस फुटांच्या हिशेबाला या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत.

त्या चौथ्या पद्धतीत दिसतात. प्रत्येकाने बंद चिठ्ठीत तिन्ही खोल्यांसमोर आपल्याला वाटणारी किंमत लिहायची. अट एवढीच की बेरीज ४२,००० व्हावी. समजा, पुढीलप्रमाणे आकडे आले.

| | मास्टर | बाल्कनीची | लहान |
|---|---|---|---|
| घरून काम करणारा | १७,५०० | १५,००० | ९,५०० |
| शिफ्टवाला | १५,५०० | १५,५०० | ११,००० |
| विद्यार्थी | १४,५०० | १४,००० | १३,५०० |

ज्या जुळणीत बेरीज सर्वाधिक होते, ती निवडायची. येथे मास्टर घरून काम करणाऱ्याला, बाल्कनीची खोली शिफ्टवाल्याला आणि लहान खोली विद्यार्थ्याला दिली की बेरीज ४६,५०० होते. भाड्यापेक्षा जास्त आलेले ४,५०० रुपये तिघांत समान वाटले, की प्रत्येकाला आपण लिहिलेल्या किमतीपेक्षा १,५०० रुपये कमी भरावे लागतात. म्हणून भाडे अनुक्रमे १६,०००, १४,००० आणि १२,००० ठरते. यानंतर तपासणी करायची: या भावात कोणाला दुसऱ्याची खोली अधिक फायद्याची वाटते का? घरून काम करणाऱ्याला बाल्कनीच्या खोलीत १,००० रुपयांचाच फायदा दिसतो, म्हणून तो अदलाबदल मागणार नाही. इतर दोघांचेही तसेच. ही तपासणी टाळू नये, कारण जादा रक्कम समान वाटल्याने दर वेळी हा निकष पुरा होतोच असे नाही. तो पुरा झाला नाही, तर खोल्या त्याच ठेवून भाडी थोडी वरखाली करावी लागतात. असे भाव शोधण्याचा प्रश्न गणितज्ञांनीही हाताळला आहे. फ्रान्सिस सू यांचा त्यावरील लेख १९९९ साली प्रसिद्ध झाला.

हाच निकष तिसऱ्या पद्धतीला लावला, तर तिची मर्यादा कळते. १६,८७० रुपयांत मास्टर बेडरूम घेणाऱ्याला स्वतःच्या आकड्यांनुसार ६३० रुपयांचा फायदा होतो, पण १३,९३० रुपयांतली बाल्कनीची खोली त्याला १,०७० रुपयांनी फायद्याची वाटते. म्हणजे मोजमाप अचूक असूनही त्याचे मन शेजारच्या खोलीतच राहील.

चौथ्या पद्धतीच्या अडचणीही खऱ्या आहेत. एकमेकांचे आकडे आधी कळले, तर लोक ते बघून आपले आकडे फिरवतात, म्हणून चिठ्ठ्या एकाच वेळी उघडाव्यात. ज्याची ऐपतच ११,००० रुपयांची आहे, त्याने ही मर्यादा आधी सांगावी, कारण चिठ्ठीतली किंमत आवड दाखवते, खिसा नव्हे. सर्वांत मोठी अडचण माणसे बदलल्यावर येते. विद्यार्थी सोडून गेला, तर नव्या माणसाला लहान खोली १२,००० रुपयांची वाटेलच असे नाही. तो कमी भरणार असेल, तर पुन्हा चिठ्ठ्या काढाव्या लागतात, किंवा उरलेल्यांना फरक सोसावा लागतो.

म्हणून माझे मत असे आहे की तिघे ओळखीचे असतील आणि अकरा महिन्यांच्या करारभर एकत्र राहणार असतील, तर चौथी पद्धत घ्यावी. जिथे दर काही महिन्यांनी एखादा निघतो आणि दुसरा येतो, तिथे तिसरी पद्धत अधिक टिकते, कारण भाव खोलीला चिकटलेला असतो, माणसाला नाही. खोलीत जोडपे राहणार असेल, तर तिसऱ्या पद्धतीत सामाईक भाग चार डोयांत वाटावा आणि खोलीचा भाग खोलीवरच ठेवावा.

कोणतीही पद्धत निवडली, तरी भाव खोल्या वाटण्याआधी ठरवावेत, कारण मास्टर बेडरूममध्ये सामान लागल्यावर तिथल्या माणसाला ती खोली फारशी मोठी वाटेनाशी होते. वीज आणि मेंटेनन्स यांचा हिशेब वेगळा ठेवावा. एसी एकाच खोलीत असेल, तर त्या खोलीसाठी सबमीटर बसवावा. अनामत रक्कम भाड्याच्याच प्रमाणात भरावी आणि कोणी किती भरली, हे तिघांच्या सह्यांनिशी एका कागदावर लिहून ठेवावे, कारण मालकाशी झालेल्या करारात सहसा एकच एकूण आकडा असतो. नूतनीकरणात भाडे ५ टक्के वाढले, तर तीच टक्केवारी प्रत्येकाच्या वाट्याला लावावी: १६,००० चे १६,८००, १४,००० चे १४,७०० आणि १२,००० चे १२,६००.