कार्ड बदललं, तरी पैसे जातच राहिले

कंपनीचं एकच क्रेडिट कार्ड सगळ्या सबस्क्रिप्शनना लावून ठेवलेलं असेल, तर हे वाचा. मी एका लहान कंपनीचा हिशेब बघते. आमच्याकडेही तसंच होतं. सर्व्हर, ऑनलाइन जाहिराती, डिझाइनचं सॉफ्टवेअर, सगळीकडे तोच नंबर.

मार्केटिंगमधल्या एका सहकाऱ्याने एक ईमेल पाठवण्याचं सॉफ्टवेअर 'मोफत चाचणी' म्हणून घेतलं होतं. मोफत असलं तरी कार्ड बऱ्याचदा आधी द्यावं लागतं. चाचणी संपली, महिन्याचं बिल सुरू झालं. पुढे तो सहकारी नोकरी सोडून गेला, त्याचा ऑफिसचा मेल बंद झाला, आणि सॉफ्टवेअर वापरणारं कुणी उरलं नाही. बिल मात्र चालू राहिलं. नुसतं चालू राहिलं नाही, वाढलं. खरी रक्कम सांगत नाही, प्रमाण सांगते: सुरुवातीचं बिल 100 धरलं तर वर्षाच्या आत ते 260 झालं होतं. विक्रेत्याने 'वापरकर्ते वाढले' म्हणून बिलातल्या वापरकर्त्यांच्या जागा वाढवल्या आणि न मागितलेलं एक जोड-उत्पादनही गळ्यात मारलं. त्याचे पैसे वेगळ्याच नावाने कापले जात.

ते नाव स्टेटमेंटवर जाहिरातींच्या बिलासारखं दिसायचं. पाणी मुरत होतं ते इथे. जाहिरातींचे पैसे महिन्यातून अनेकदा कापले जातात, त्यामुळे त्या गर्दीत आणखी एक ओळ कुणाच्या डोळ्यांत येत नाही. सापडलं ते स्टेटमेंट तारखेऐवजी रकमेप्रमाणे लावल्यावर. जाहिरातींचा खर्च ठरावीक टप्प्याला पोचला की पैसे कापले जातात, म्हणून तारखा आणि बऱ्याचदा रकमाही वेड्यावाकड्या असतात. ही ओळ मात्र दर महिन्याच्या 11 तारखेला, पैशाचाही फरक न पडता येत होती.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, 'खात्यात लॉगिन करून रद्द करा.' लॉगिन त्या गेलेल्या सहकाऱ्याच्या मेलवर, पासवर्ड बदलण्याची लिंकही त्याच बंद मेलवर. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, शब्दही तेच. शेवटी बँकेला सांगून कार्डच बदलून घेतलं. नवा नंबर आला, तो बाकीच्या सगळ्या व्हेंडरांकडे एकेक करून भरला. एका ठिकाणी भरायचा राहिला, तर ती सेवा दुपारभर बंद पडली. आणि पुढच्या 11 तारखेला त्या विक्रेत्याने नव्या कार्डावरूनही पैसे कापले. नवा नंबर आम्ही त्याला दिलेलाच नव्हता.

बँकेतल्या माणसाने याचं कारण समजावलं, ते बहुतेकांना माहीत नसतं. व्हिसाची 'अकाउंट अपडेटर' आणि मास्टरकार्डची 'ऑटोमॅटिक बिलिंग अपडेटर' अशा सेवा आहेत. कार्डाची मुदत संपली किंवा नंबर बदलला, तर ज्या विक्रेत्यांकडे जुनं कार्ड जतन केलेलं आहे त्यांना नवा तपशील या सेवांमार्फत पोचू शकतो. हेतू चांगला आहे, ग्राहकाची सेवा खंडित होऊ नये. पण नको असलेल्या विक्रेत्यालाही तो तसाच पोचतो. तक्रार केली तेव्हा बँकेने सबस्क्रिप्शन रद्द केल्याचा लेखी पुरावा मागितला. अशा वादांना बहुतेक प्रकारांत साधारण 120 दिवसांची मुदत असते. अलीकडचे हप्ते परत मिळाले, आधीचे गेले ते गेलेच.

यानंतर आम्ही व्हर्च्युअल कार्डांवर गेलो. प्लास्टिक नाही, फक्त नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही. पैसे कंपनीच्या त्याच खात्यातून जातात, पण प्रत्येक व्हेंडरला स्वतंत्र नंबर. प्रत्येक नंबरावर महिन्याचं लिमिट, एका व्यवहाराचं लिमिट आणि 'फक्त हाच विक्रेता' असं कुलूप लावता येतं. बिल 100 असेल तर आम्ही महिन्याचं लिमिट 115 च्या आसपास ठेवतो. कर आणि परकीय चलनाचा दर यांच्यासाठी तेवढी मोकळीक लागते. फक्त व्यवहाराचं लिमिट लावून थांबू नका. ज्याला पैसे काढायचेच आहेत तो लहान लहान रकमांत दहा वेळा काढेल.

चाचणीसाठी नगण्य लिमिटचं कार्ड करायचं. नोंदणीच्या वेळी विक्रेता बहुधा शून्य किंवा अगदी किरकोळ रकमेची पडताळणी करतो, ती निघून जाते. पहिलं खरं बिल मात्र अडकतं, आणि अडकल्याचा संदेश आपल्याला येतो. आमच्याकडे अलीकडेच एका दुसऱ्या व्हेंडरने 115 च्या कार्डावर 240 मागितले. डिक्लाइनच्या संदेशात विक्रेत्याचं नाव, रक्कम, वेळ, सगळं होतं. त्याच दुपारी फोन केला, तर इथेही जागा 'आपोआप' वाढल्या होत्या. या वेळी वाद पैसे जाण्याआधी झाला, आणि अशा वादात समोरचा किती पटकन ऐकतो ते बघण्यासारखं असतं.

कर्मचाऱ्यांनाही अशी कार्डं देतो, पण प्रवास आणि किरकोळ खरेदीसाठीच. त्यांच्यावर विक्रेत्याच्या प्रकाराचं, म्हणजे मर्चंट कॅटेगरी कोडचं बंधन घालतो. सबस्क्रिप्शन कर्मचाऱ्याच्या कार्डावर कधीच नाही. माणूस सोडून गेला की त्याचं कार्ड त्याच दिवशी बंद करता आलं पाहिजे, आणि त्यासोबत सर्व्हर बंद पडता कामा नये. व्हेंडरच्या कार्डाला जबाबदार माणसाचं नाव जोडायचं आणि लॉगिनला विभागाचा सामाईक मेल द्यायचा.

नको असलेल्या विक्रेत्याचं कार्ड मात्र 'बदलून' घेऊ नका, पूर्ण बंद करा. दुसऱ्या कामाला कार्ड हवं असेल तर स्वतंत्र नवं काढा. बदली कार्डाचा तपशील अपडेटरमधून पुढे जाऊ शकतो. बंद कार्डाच्या जागी काहीच आलेलं नसेल, तर पुढे जायला काही उरत नाही. कार्ड देणाऱ्या कंपनीला, ती या सेवांत आमची कार्डं घालते का, हे करार करण्याआधी विचारा. आमच्या पहिल्या पुरवठादाराच्या विक्री विभागाला हा प्रश्नच कळला नव्हता. तिथेच त्याला नमस्कार केला.

याने सगळं सुटतं असं नाही. प्रकाराचा कोड विक्रेत्याची बँक ठरवते, त्यामुळे तो कधीकधी भलताच निघतो आणि रास्त खर्चही अडतो. विक्रेत्याने पैसे घेण्याची व्यवस्था बदलली तर कुलूप त्यालाच ओळखत नाही. लिमिट तपासलं जातं ते मंजुरीच्या वेळी. हॉटेलसारख्या ठिकाणी अंतिम रक्कम मंजुरीपेक्षा जास्त येऊ शकते आणि ती वळतीही होते. सर्व्हरच्या कार्डाचं लिमिट आम्ही मुद्दाम सैल ठेवलंय आणि त्यावर आधीच इशारा लावलाय, कारण तिथे डिक्लाइन म्हणजे आमचं काम बंद.

आणि डिक्लाइन म्हणजे करार रद्द झाला असं नाही. कार्ड बंद केल्यावर त्या ईमेलवाल्याने थकबाकीची बिलं पाठवायला सुरुवात केली. करारात नोटिशीची अट असेल तर अशी मागणी कायद्यात टिकूही शकते. आमच्याकडे तोवर रद्द करत असल्याचं लेखी पत्र, त्याची पोच आणि कार्ड बंद केल्याची तारीख असं सगळं एका फाइलमध्ये होतं. ती फाइल पाठवल्यावर बिलं थांबली.